डीसी मोटरच्या सर्व्होसाठी स्लायडिंग मोड कंट्रोल: सरफेसची निवड आणि चॅटरिंगचा बंदोबस्त

स्लायडिंग मोड कंट्रोलचं गणित वहीच्या दोन पानांत बसतं, सिम्युलेशनही पहिल्याच फटक्यात चालतं. मग तोच कोड खऱ्या मोटरवर घातला की मोटर गुणगुणायला लागते, शाफ्टला हात लावला तर थरथर जाणवते आणि ड्रायव्हर तापतो. वहीतलं गणित आणि ही थरथर, म्हणजेच चॅटरिंग, यांच्यामध्ये काय काय येतं, ते एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. सर्व आकडे त्याच उदाहरणाचे आहेत. तुमची मोटर वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

प्लांट आणि त्याच्या सीमा

12 व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर आहे आणि आपल्याला शाफ्टचा कोन θ हवा तसा फिरवायचा आहे. आर्मेचरचा विद्युत भाग झटपट स्थिरावतो असं धरलं, तर उरतो तो दुसऱ्या ऑर्डरचा प्लांट:

```
θ̈ = -a·θ̇ + b·u + d
```

u म्हणजे व्होल्टेज आणि d म्हणजे लोड, घर्षण वगैरे सगळं मिळून येणारा अडथळा. तो टॉर्कमध्ये न मोजता त्वरणाच्या एककात मोजला की पुढची बेरीज सोपी होते. आपल्या मोटरचा रोध 2 ओम, टॉर्क स्थिरांक 0.08 न्यूटन-मीटर प्रति अँपिअर आणि जडत्व सुमारे 2.7×10⁻⁴ किलो-मीटर² आहे. त्यावरून a₀ = 12 आणि b₀ = 150 येतात. लोड बदलतो आणि वाइंडिंग गरम झालं की रोध वाढतो, म्हणून a मध्ये ±3 आणि b मध्ये ±30 ची अनिश्चितता धरू. म्हणजे b ची किंमत 120 ते 180 मध्ये कुठेही असू शकते. d ची मर्यादा 200 रेडियन/सेकंद² धरू, म्हणजे शाफ्टवर साधारण 0.053 न्यूटन-मीटर.

या सीमा अंदाजाने लिहू नका. मोटरला 2, 4, 6 व्होल्टची पायरी द्या आणि वेगाचा आलेख घ्या. स्थिर वेगावरून b/a मिळतो आणि टाइम कॉन्स्टंटवरून 1/a. हेच थंड मोटरवर आणि अर्धा तास चाललेल्या मोटरवर, रिकाम्या शाफ्टवर आणि पूर्ण लोडवर करा. जे टोकाचे आकडे येतील त्या तुमच्या सीमा. पुढचा प्रत्येक गेन यांच्यावरच उभा राहतो.

सेन्सर म्हणून 500 लाइनचा एन्कोडर आहे. चारपट मोजणी केली की फेरीला 2000 काउंट, म्हणजे एक काउंट 0.00314 रेडियनचा. सॅम्पलिंग 1 मिलिसेकंदाचं.

सरफेस: λ किती घ्यायचा

चूक e = θ − r अशी लिहू; r म्हणजे हवा असलेला कोन. सगळ्यात साधा सरफेस असा:

```
s = ė + λ·e
```

s शून्यावर टिकला की ė = −λe, म्हणजे चूक 1/λ या टाइम कॉन्स्टंटने मरते. मोटरचे a, b काहीही असोत, त्यांचा इथे संबंध उरत नाही. या पद्धतीचं सगळं आकर्षण यातच आहे. सोव्हिएत संघात एमेल्यानोव्ह आणि उत्किन यांनी व्हेरिएबल स्ट्रक्चर सिस्टिम्सचं जे काम उभं केलं त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. 1977 च्या उत्किनच्या आढावा लेखानंतर ती इंग्रजी वाचणाऱ्या जगात पसरली.

λ मोठा घेतला तर प्रतिसाद जलद. पण वर मर्यादा आहे, आणि ती आपण मॉडेलमधून वगळलेल्या गोष्टी घालतात. त्यामुळे आधी वगळलेला उशीर मोजायचा. आर्मेचरचा इंडक्टन्स 2 मिलिहेन्री धरला तर विद्युत टाइम कॉन्स्टंट 1 मिलिसेकंद. सॅम्पलिंग आणि गणनेचा उशीर साधारण दीड सॅम्पल, म्हणजे 1.5 मिलिसेकंद.

तिसरा वाटा वेगाच्या फिल्टरचा, आणि तोच सर्वांत मोठा. एन्कोडरच्या लागोपाठच्या दोन वाचनांतला फरक 1 मिलिसेकंदाने भागला, तर एका काउंटचा फरकही 3.14 रेडियन/सेकंद इतका वेग दाखवतो. तोच s मध्ये थेट जातो आणि मग s चं चिन्ह मोटर ठरवत नाही, एन्कोडर ठरवतो. म्हणून 4 मिलिसेकंदांचा पहिल्या ऑर्डरचा फिल्टर लावू:

```c
w += (Ts/(tau + Ts)) * ((th - th_old)/Ts - w);
```

आता एका काउंटची उडी 0.00314/0.005, म्हणजे सुमारे 0.63 रेडियन/सेकंदावर येते. किंमत 4 मिलिसेकंदांच्या उशिराची. एकूण उशीर T = 6.5 मिलिसेकंद झाला.

प्रचलित अंगठेनियम तीन आहेत: λ हा 1/(3T) पेक्षा कमी असावा, हर्ट्झमधल्या सॅम्पलिंग वारंवारतेच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी असावा आणि पहिल्या यांत्रिक अनुनादाची हर्ट्झमधली वारंवारता गुणिले 2π/3 यापेक्षा कमी असावा. आपल्याकडे पहिला नियम 51 देतो, दुसरा 200. कपलिंग 30 हर्ट्झला हलतं असं धरलं तर तिसरा 63. सर्वांत लहान आकडा राज्य करतो, म्हणून λ = 30 घेऊ. चूक 2 टक्क्यांवर यायला 4/λ, म्हणजे सुमारे 0.13 सेकंद.

एक मर्यादा मात्र लोक विसरतात: मोटरची ताकद. सरफेसवरून घसरताना लागणारा ब्रेक λ²e इतका असतो. 3 रेडियनची सरळ पायरी दिली तर सर्वांत वाईट हिशेबाने 2700 रेडियन/सेकंद² लागतील; 12 व्होल्टला b = 120 आणि विरुद्ध लोड धरून हातात 1240 आहेत. मग s शून्यावर टिकत नाही आणि ओव्हरशूट दिसतो. उपाय λ कमी करणं नव्हे, पायरीऐवजी समलंबी वेगाचा संदर्भ देणं. आपण कमाल वेग 30 रेडियन/सेकंद आणि कमाल त्वरण 400 ठेवू. याचा आणखी एक फायदा असा की सुरुवातीला e आणि ė दोन्ही शून्य असतात, म्हणजे s पहिल्या क्षणापासूनच शून्यावर असतो. सरफेसपर्यंत पोहोचण्याच्या टप्प्यात हा कंट्रोल अडथळ्यांपुढे उघडा असतो. तो टप्पाच गळून जातो.

स्विचिंग गेन: मोठा आकडा टाकून मोकळं होऊ नका

ṡ लिहून त्यात प्लांट घातला की कंट्रोल दोन भागांत पडतो:

```
f = a0·θ̇ + r̈ - λ·ė
u = f/b0 - K·sign(s)
```

पहिला भाग मॉडेलला जे माहीत आहे ते सांभाळतो, दुसरा फक्त मॉडेलच्या चुका. त्यामुळे K ला पुरून उरायचं आहे ते एवढ्याला:

```
K = ( 3·|θ̇| + 200 + 0.2·|f| + η ) / 120
```

3 हा a मधला फरक, 200 हा अडथळा, 0.2 हा b मधला सापेक्ष फरक आणि 120 ही b ची सर्वांत लहान किंमत. η = 100 घेऊ; s कुठल्याही कारणाने 3 वर फेकला गेला तर तो जास्तीत जास्त 3/100 सेकंदांत परत येईल.

आता सर्वांत वाईट क्षण: वेग 30, त्वरण 400, ė सुमारे 1. मग f = 360 + 400 + 30 = 790 आणि K = (90 + 200 + 158 + 100)/120, म्हणजे जवळपास 4.6 व्होल्ट. एकूण u = 5.3 + 4.6 = 9.9 व्होल्ट, 12 च्या आत. ही तपासणी जमली नाही तर पुढे जाऊ नये. संदर्भाचं त्वरण कमी करावं.

मोटर उभी असताना मात्र हेच सूत्र 300/120 = 2.5 व्होल्ट देतं. बहुतेक कोडमध्ये K स्थिर ठेवलेला असतो, तोही सगळ्यात वाईट क्षणाचा. म्हणजे मोटर उभी असताना गरजेच्या जवळजवळ दुप्पट स्विचिंग. K दर सॅम्पलला मोजला की चॅटरिंग तिथेच निम्म्यावर येतं, आणि त्यासाठी हमीतलं काहीही सोडावं लागत नाही. बाकीचे सगळे उपाय काहीतरी घेऊन काहीतरी देतात, म्हणून हा आधी करा.

पहिली चाचणी u ला 2 व्होल्टवर बांधून घ्या. एन्कोडरची दिशा उलटी जोडलेली असेल तर हा कंट्रोल चुकीच्या बाजूला पूर्ण जोर लावून पळतो.

चॅटरिंग येतं कुठून

कागदावर sign(s) अनंत वेगाने पलटतो आणि s शून्यावर चिकटून राहतो. खऱ्या मोटरमध्ये s शून्य ओलांडून गेल्याचं कंट्रोलरला T नंतर कळतं. तोवर s त्याच उताराने पुढे जातो. मोटर उभी असताना उतार b·K = 150 × 2.5 = 375 आहे, म्हणून s ±2.4 पर्यंत जातो आणि एक पूर्ण आवर्तन साधारण 4T, म्हणजे 26 मिलिसेकंदांचं होतं. हे झालं 38 हर्ट्झ. शाफ्टचा कोन अर्ध्या अंशाच्या आसपास थरथरतो आणि वाइंडिंगमधून काम न करताच एक अँपिअरच्या वर प्रवाह आलटून-पालटून वाहतो.

38 हर्ट्झ हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण सॅम्पलिंग 1000 हर्ट्झला आहे. चॅटरिंग म्हणजे सॅम्पलिंगच्या वेगाने होणारी पलटापलट असा समज असतो. प्रत्यक्षात वगळलेला उशीर ती वारंवारता ठरवतो. म्हणून s आणि u लॉग करा आणि सॅम्पलिंग 1 वरून 0.5 मिलिसेकंदावर नेऊन पाहा. फिल्टर आणि आर्मेचर तसेच राहतात, T फक्त 5.75 वर येतो आणि वारंवारता 38 वरून 43 वर सरकते. एवढ्याशा बदलासाठी महाग प्रोसेसर घेण्यात अर्थ नाही. वारंवारता दुप्पट झाली असती तर दोष सॅम्पलिंगचा होता. आणि फक्त मोटर उभी असताना, एकाच काउंटच्या उंचीचं अनियमित फडफडणं दिसलं तर तो एन्कोडरचा क्वांटायझेशन आवाज आहे. त्यावर गेन कमी करण्याचा उपयोग मर्यादित, एन्कोडर बदलणं खरं.

(बक कन्व्हर्टरवाल्यांना या सगळ्याचं नवल वाटतं. त्यांचा स्विच तसाही चालू-बंदच होत असतो, त्यामुळे स्लायडिंग मोड तिथे अंगभूत बसतो आणि प्रश्न फक्त वारंवारता आवरण्याचा उरतो.)

बाउंडरी लेयर: Φ ची खरी निवड

sign(s) च्या जागी sat(s/Φ) घातला की |s| < Φ या पट्ट्यात कंट्रोल सरळ रेषेचा होतो. पट्ट्याच्या आत s ची गती अशी:

```
ṡ = (उरलेला अडथळा) - (b·K/Φ)·s
```

म्हणजे b·K/Φ इतक्या बँडविड्थचा पहिल्या ऑर्डरचा लूप. Φ लहान केला तर बँडविड्थ वाढते आणि T चा उशीर पुन्हा अंगावर येतो. Φ = 3 घेऊन पाहा. वेगात असताना, b = 180 आणि K = 4.6 धरून, बँडविड्थ 276 येते. त्यात λ चा वाटा मिळवला की लूप 300 रेडियन/सेकंदाच्या पुढे काम करू पाहतो आणि तिथे 6.5 मिलिसेकंदांचा उशीर 110 अंशांहून जास्त फेज खातो. लूप अस्थिर होतो आणि पट्टा असूनही चॅटरिंग परत येतं. ‘sat लावलं तरी थरथर जात नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

Φ = 10 घेतला तर तीच बँडविड्थ 83 होते. लूपची क्रॉसओव्हर वारंवारता 115 च्या आसपास येते, उशीर 43 अंश घेतो आणि सुमारे 36 अंशांचं फेज मार्जिन उरतं. उभ्या मोटरवर बँडविड्थ 37 च्या आसपास असल्याने तिथे परिस्थिती आणखी आरामाची. थरथर थांबते.

आता बिल येतं. पट्ट्याच्या आत राहण्याची हमी म्हणजे फक्त |e| ≤ Φ/λ, इथे 0.33 रेडियन. प्रत्यक्षात पूर्ण अडथळा सतत लागला आणि b = 120 असला तर s = 200 × 10/300 = 6.7 वर थांबतो आणि e = 0.22 रेडियन, म्हणजे जवळपास 13 अंश. मोटर शांत उभी आहे, फक्त चुकीच्या जागी. नीट पाहिलं तर हे साहजिक आहे: पट्ट्याच्या आत आपला कंट्रोल पीडी कंट्रोलरच झाला आहे, कोनावर 7.5 व्होल्ट प्रति रेडियन इतका गेन असलेला. ‘रोबस्ट’ हा शब्द पट्ट्याच्या बाहेर खरा असतो, आत नाही.

सरफेसमध्येच इंटिग्रल घाला

ही चूक भरून काढायची सोपी जागा सरफेसच आहे:

```
s = ė + 2λ·e + λ²·∫e dt
```

आता सतत अडथळ्यामुळे s एखाद्या किमतीवर अडकला तरी तो भार इंटिग्रल उचलतो आणि e शून्यावर येतो. मात्र ė शी जोडलेला गेन λ वरून 2λ झाला, म्हणून λ = 30 तसाच ठेवला तर मघाचं मार्जिन कमी होतं. λ = 20 करा; 40 + 83 = 123, आधीच्या 30 + 83 = 113 च्या जवळ. पूर्ण अडथळा एकाएकी लागला तर कोन 7 अंशांच्या आतच ढळतो आणि तीन-चारशे मिलिसेकंदांत परत येतो. आधी तो 13 अंशांवर कायमचा बसत होता.

इंटिग्रलची सुरुवातीची किंमत −(ė + 2λe)/λ² अशी ठेवली की कुठल्याही स्थितीतून सुरू केलं तरी s(0) = 0. पूर्ण कंट्रोल एवढाच:

```c
e  = th - r;   de = w - dr;
s  = de + 2*lam*e + lam*lam*ie;
f  = a0*w + ddr - 2*lam*de - lam*lam*e;
K  = (3.0*fabs(w) + 200.0 + 0.2*fabs(f) + 100.0) / 120.0;
u  = f/b0 - K*sat(s/phi);
if (fabs(u) < 12.0) ie += e*Ts;
u  = clamp(u, -12.0, 12.0);
```

`if` ची ओळ काढू नका. u मर्यादेला टेकलेला असताना इंटिग्रल वाढत राहिला तर नंतर मोठा ओव्हरशूट ठरलेला. दुसरा त्रास ब्रशच्या आणि बेअरिंगच्या स्थिर घर्षणाचा: मोटर लक्ष्याजवळ अडकते, इंटिग्रल हळूहळू भरतो, मोटर सुटून पलीकडे जाते आणि तिथे पुन्हा अडकते. काही सेकंदांच्या आवर्तनाचं हे हेलकावणं चॅटरिंग नव्हे; Φ वाढवून ते जात नाही. चूक दोन काउंटच्या आत, म्हणजे 0.0063 रेडियनच्या आत असताना इंटिग्रल गोठवा.

सुपर-ट्विस्टिंग कधी

1993 मध्ये लेव्हांट यांनी मांडलेल्या सुपर-ट्विस्टिंगमध्ये पलटापलट u मध्ये न होता त्याच्या इंटिग्रलमध्ये होते, त्यामुळे व्होल्टेज सलग राहतं:

```
u = ( f - k1·√|s|·sign(s) + v ) / b0
v̇ = -k2·sign(s)
```

इथे गेन ठरवायला अडथळ्याची मर्यादा लागत नाही, अडथळा बदलण्याच्या वेगाची मर्यादा L लागते. लोड 0 ते 200 पर्यंत 50 मिलिसेकंदांत चढत असेल तर L = 4000. मग k1 = 1.5√L, सुमारे 95 आणि k2 = 1.1L, म्हणजे 4400. s साठी पहिला, इंटिग्रलशिवायचा सरफेस पुरतो (f सुद्धा त्याचाच), कारण सतत अडथळा v उचलतो.

पण वेगाची दिशा बदलताना कूलोम घर्षण क्षणात चिन्ह पलटतं. तिथे L अनंत होतो आणि हमी तेवढ्यापुरती तुटते. s वर एक टोक दिसतं आणि विरतं. शिवाय शून्याजवळ √|s| चा उतार फार तीव्र असल्याने 6.5 मिलिसेकंदांच्या उशिरात थोडी थरथर राहतेच, आपल्या आकड्यांत एन्कोडरच्या 0.63 च्या आवाजापेक्षा लहान. सतत एकाच दिशेने फिरणाऱ्या पंप-पंख्यासारख्या लोडवर मी हेच वापरेन. वारंवार दिशा बदलणाऱ्या पोझिशनिंगला आणि जाड एन्कोडरला इंटिग्रल सरफेस आणि बाउंडरी लेयर ही जोडी जास्त समजूतदार वाटते.

सॅम्पलिंग फारच मंद असेल, समजा 10 मिलिसेकंद, तर सलग वेळेतलं हे डिझाइन सोडून सॅम्पलच्याच भाषेतलं, म्हणजे डिस्क्रीट स्लायडिंग मोड घ्यावं. त्यावर आणि आउटपुट वेगळ्या दराने सॅम्पल करून सगळ्या स्टेट्स न मोजता ते साधण्यावर आयआयटी मुंबईत बी. बंद्योपाध्याय यांच्या गटाने बरंच काम केलं आहे.

शेवटची चाचणी

|s|/Φ हा एक आकडा कायम लॉग करा. संदर्भ समलंबी आहे आणि s(0) शून्य आहे, म्हणून तो 1 च्या आत राहिलाच पाहिजे. 1 ओलांडला आणि त्याच वेळी u 12 व्होल्टला टेकला असेल तर मोटर अपुरी पडते आहे; संदर्भाचं त्वरण 400 वरून खाली आणा. 1 ओलांडला आणि u मोकळा असेल तर सुरुवातीच्या a, b, d च्या सीमांपैकी एखादी खोटी आहे. ती कुठली हे पाहायला तीन वेगवेगळ्या धावा घ्या: स्थिर वेगाची रिकामी, जास्त त्वरणाची रिकामी आणि उभ्या मोटरवर लोड टाकून. पहिलीत फुटलं तर a, दुसरीत b, तिसरीत d. त्या एका सीमेचा आकडा वाढवा, K आपोआप वाढेल. मग b·K/Φ पुन्हा 83 च्या आसपास येईल असा Φ घ्या.